धैर्यस्तुतीचा श्लोक आणि इंद्रवज्रेचा लगक्रम

ओवीच्या परिचयाने ज्यांचे कान तयार झाले आहेत, त्यांना अक्षरगणवृत्ताचा अभ्यास आरंभी थोडा जड जातो. ओवीमध्ये कोणत्या स्थानी गुरू व कोणत्या स्थानी लघू असावा, असे बंधन नाही. इंद्रवज्रेत मात्र प्रत्येक चरणाची अकरा अक्षरे असून प्रत्येक अक्षराचे वजन ठरलेले असते. त, त, ज हे तीन गण व शेवटी दोन गुरू, असे तिचे लक्षण आहे. 'त' गणात दोन गुरू व एक लघू. 'ज' गणात मध्ये गुरू व दोन्ही बाजूंस लघू. म्हणजे चरणातील तिसरे, सहावे, सातवे व नववे ही चार अक्षरे लघू आणि बाकीची सात गुरू होत.

अभ्यासासाठी रचलेला धैर्यस्तुतीचा पुढील श्लोक घ्यावा :

धैर्ये जयाचे मन शांत आहे
तो संकटी निश्चल धीर राहे ।
वाऱ्यापुढे पर्वत जेवि ठाके
त्याचे भयाने शिरही न वाके ॥

पहिल्या चरणाचे गण असे पडतात : धैर्येज – याचेम – नशांत – आहे. येथे 'शां' आकारामुळे गुरू आहेच. 'धै', 'र्ये', 'या', 'चे', 'आ' व 'हे' यांतील स्वर दीर्घ असल्याने तीही गुरू होत. उरलेली चार अक्षरे ज, म, न व त ही लघू असून ती बरोबर तिसऱ्या, सहाव्या, सातव्या व नवव्या स्थानी आली आहेत.

दुसरा चरण अधिक लक्षपूर्वक पाहावा, कारण नवशिक्याची चूक बहुधा अशाच ठिकाणी होते. 'निश्चल' या शब्दाऐवजी 'अचल' घालून 'तो संकटी अचल धीर राहे' असे लिहिले, तर अर्थ तोच राहतो आणि अक्षरेही अकराच भरतात. बोटांवर मोजणाऱ्यास दोष दिसत नाही. परंतु पाचव्या स्थानी गुरू हवा असता तेथे 'अ' हे लघू अक्षर आले. त्यामुळे पाचवे, सहावे व सातवे अशी तीन लघू अक्षरे लागोपाठ पडतात. चरण मोठ्याने म्हणताच जीभ तेथे घसरते. न ढळणाऱ्या पुरुषाचे वर्णन करणारा शब्दच ढळतो! 'निश्चल' मध्ये 'नि' मुळात ऱ्हस्व आहे. पण पुढील 'श्च' या जोडाक्षराचा आघात त्यावर येतो, म्हणून तो गुरू होतो आणि चरण सावरतो. तिसऱ्या चरणातील 'पर्वत' शब्दाचा 'प' याच नियमाने गुरू आहे.

या नियमास मराठीत मर्यादाही आहे. 'तुम्ही' या शब्दात जोडाक्षर असूनही उच्चारात 'तु' वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. निर्णय लिपीवरून नव्हे, तर उच्चारावरून करावा. तसेच 'जेवीं' चे 'जेवि' हे रूप नववे अक्षर लघू हवे म्हणून घेतले आहे. अशी सूट पद्यात चालते. मात्र ती वारंवार घेतल्यास भाषा विद्रूप होते.

आता चौथ्या चरणात 'त्याचे' काढून 'कधी' घातले, तर 'कधी भयाने शिरही न वाके' असा चरण होतो. येथे केवळ पहिले अक्षर लघू झाले, शेष लगक्रम तोच राहिला. हा चरण उपेंद्रवज्रेचा झाला. यास वृत्तभंग म्हणू नये. एकाच श्लोकात दोन्ही वृत्तांचे चरण मिसळले असता त्यास उपजाति म्हणतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसावा श्लोक याचे उत्तम उदाहरण आहे. जीर्ण वस्त्रांच्या दृष्टांताने अर्जुनाच्या मनातील मरणाचा शोक दूर करणाऱ्या त्या श्लोकाचे पहिला व चौथा हे चरण इंद्रवज्रेचे, तर दुसरा व तिसरा उपेंद्रवज्रेचे आहेत. त्यातील पहिल्या चरणाचे अंत्य अक्षर ऱ्हस्व आहे. पण चरणान्ती उच्चार थांबत असल्याने ते गुरू धरले जाते.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. प्रथम अकरा अक्षरे मोजावीत. नंतर तिसरे, सहावे, सातवे व नववे अक्षर लघू आहे की नाही ते पाहावे. मग उरलेल्या स्थानी एखादे ऱ्हस्व अक्षर दिसल्यास त्यापुढे आघात देणारे जोडाक्षर वा त्यावर उच्चारित अनुस्वार आहे का, याचा शोध घ्यावा. पहिले अक्षर लघू निघाल्यास चरण उपेंद्रवज्रेचा समजावा, आणि अंत्य अक्षर ऱ्हस्व असल्यास ते गुरू मानावे. अन्यत्र ऱ्हस्व अक्षरास असा आधार न मिळाल्यास तेथे शब्द बदलावा. अभ्यासकांनी वरील श्लोकाच्या तिसऱ्या व चौथ्या चरणांचे गण या क्रमाने स्वतः पाडून पाहावेत.