चालण्याचा एक खाडा माफ, सलग दुसरा नाही

दसरा ते दिवाळी या दिवसांत पातूर परिसरातले मधुमेहाचे रुग्ण तपासणीला आले की एकच गोष्ट सांगतात. "डॉक्टरसाहेब, सोयाबीन काढाले आलं अन् चालनं सुटलं. आता दिवाई झाली की पुन्हा धरतो." साखर वाढलेली असते, वजन थोडे चढलेले असते आणि माणूस मनातून खट्टू झालेला असतो. नीट विचारले की कळते, चालणे एकाएकी सुटलेले नसते. आधी एका दिवसाचा खाडा पडलेला असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झाले, यावर पुढचा महिना ठरलेला असतो. म्हणून आज त्या दुसऱ्या दिवसाबद्दल लिहितो आहे.

सवय मोडली तर एक दिवस मोडू द्यावी, सलग दोन दिवस मोडू देऊ नये, हा नियम जेम्स क्लिअर यांच्या २०१८ च्या 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' या पुस्तकामुळे बऱ्याच जणांच्या कानावर गेला. तो सगळ्याच सवयींसाठी सांगितला जातो. पण मधुमेहात जेवणानंतर चालण्याला तो जितका चपखल बसतो, तितका क्वचितच कशाला बसत असेल. कारण इथे मनाचा हिशेब आणि शरीराचा हिशेब एकच निघतो.

आधी शरीराचे पाहू. आपण चालतो तेव्हा मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो. चालणे थांबल्यावरही फायदा संपत नाही. खर्च झालेला साठा स्नायूंना पुन्हा भरायचा असतो, म्हणून ते काही काळ इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. किती जोरात आणि किती वेळ चाललात यानुसार हा परिणाम साधारण एक दिवस, कधी दोन ते तीन दिवस टिकतो. मग तो ओसरतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगताना एक अट घालते, की व्यायामाशिवाय सलग दोन दिवसांपेक्षा जास्त जाऊ नयेत. मी माझ्या रुग्णांना त्याहून थोडी कडक अट घालतो. खाडा एकाच दिवसाचा, सलग दुसरा नाही. रोजचे चालणे हलकेफुलके असेल, तर त्याचा परिणाम तीन दिवस पुरेल असे धरून चालता येत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहा. दोघे जण ३० दिवसांच्या महिन्यात २४ दिवस चालले. एकाचे सहा खाडे महिनाभर विखुरलेले आहेत, दुसऱ्याचे सहाही एका ओळीत आहेत. कॅलेंडरवर दोघांची बेरीज सारखी. पहिल्याच्या स्नायूंवरचा परिणाम ओसरायला लागतो तोच पुढचे चालणे येते. दुसऱ्याच्या बाबतीत तो दोन-तीन दिवसांत संपतो आणि उरलेले दिवस त्याच्याविना जातात. आधीचे २४ दिवस कितीही नेटाने चालले असले तरी ते तेव्हा कामी येत नाहीत. व्यायाम साठवून ठेवता येत नाही.

आता मनाचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोज ठरावीक वेळी एखादी नवी गोष्ट करायची, असे १२ आठवडे चालवले. ती गोष्ट आपसूक व्हायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आपल्या कामाचा भाग असा, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय घडण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे पहिला खाडा खरोखरच निरुपद्रवी आहे.

मग सवय मोडते कशाने? खाड्यानंतर जे मनात येते त्याने. व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने हे नेमके टिपले होते. एकदा पाय घसरला की माणूस दोष परिस्थितीला देत नाही, स्वतःच्या स्वभावाला देतो. "आपल्यानं हे होतच नाही" असे एकदा मनाने घेतले की पुढची चूक सोपी होते. दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटे चालून आलेल्या माणसाला असे म्हणायला जागाच उरत नाही. त्या दहा मिनिटांचा साखरेवर होणारा परिणाम लहान असेल, पण "सुटलं" हा शब्द ती तोंडात येऊ देत नाहीत.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, त्यासाठी एक उदाहरण घेऊ. पन्नाशीतला एक गृहस्थ आहे, असे समजा. पातूरला कृषी केंद्र, जवळच शेती. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. रात्री आठला जेवण आणि त्यानंतर अर्धा तास चालणे, असा दोन महिन्यांचा क्रम. मंगळवारी सोयाबीनच्या मळणीचे थ्रेशर संध्याकाळी उशिरा शेतात आले. घरी पोहोचायला अकरा वाजले. चालणे राहिले.

मंगळवारी रात्री त्याने काहीच करायचे नाही. अकरा वाजता अंधारात चालायला निघू नये, झोपावे. बुधवारी मात्र अर्ध्या तासाचा आग्रह सोडून फक्त दहा मिनिटे चालायचे आणि तीही जेवण झाल्या झाल्या, टीव्हीसमोर किंवा खाटेवर टेकण्याआधी. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत. पाऊस किंवा चिखल असेल तर अंगणात, ओसरीत, घरातल्या घरात फेऱ्या. ही दहा मिनिटे आणि त्यांची जागा खाडा पडायच्या आधीच ठरलेली हवी, कारण दमलेल्या माणसाला त्या क्षणी नवा निर्णय घेणे जड जाते. "काल चुकलं असेल, तर आज हात धुतले की चपला घालायच्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं" एवढे वाक्य आधी लिहून ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा. गुरुवारी पुन्हा नेहमीचा अर्धा तास.

गुरुवारी एक तास नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक जण इथे चुकतात. राहिलेले चालणे भरून काढायला दुप्पट चालले की गुडघे दुखतात, पायाला फोड येतो. पायांची संवेदना कमी झाली असेल तर तो फोड कळतही नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर एकदम जास्त चालण्याने साखर खाली घसरू शकते. आणि चुकीची फेड इतकी महाग असेल, तर माणूस ती फेड पुढे ढकलत जातो. खाडा माफ करायचा म्हणजे पूर्ण माफ करायचा.

आता खाडा कशाला म्हणायचे? शेतात दिवसभर सोंगणी केली, कापूस वेचला, गठ्ठे उचलले, तर तो खाडा नाहीच; शरीराने काम केले आहे. मात्र जेवणानंतरच्या दहा मिनिटांची सवय त्याही दिवशी राखली तर उत्तम. धुऱ्यावर बसून मजुरांवर लक्ष ठेवले, मोटारसायकलने शेतात जाऊन आलात, तर तो खाडाच. नवरात्रात रेणुकामातेच्या टेकडीवर पायी चढून गेलात, तर तो दिवस हक्काने चालल्याचा धरा.

नियमाचा गैरफायदाही घेता येतो. एक दिवस चालायचे, एक दिवस सोडायचे, म्हणजे सलग दोन खाडे कधीच पडत नाहीत. पण मग महिन्याला पंधराच दिवस हाती लागतात. हा नियम घसरलेल्याला सावरण्यासाठी आहे, वेळापत्रक म्हणून नाही. आठवड्यात दोनपेक्षा जास्त खाडे वारंवार दिसू लागले तर दोष इच्छाशक्तीत शोधू नका, वेळेत शोधा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी बरोबरची खूण आणि दहा मिनिटांच्या दिवशी टिंब करा. महिन्याअखेरीस रिकाम्या चौकटी कुठे आहेत ते पाहा. त्या दर आठवड्याला बाजाराच्याच दिवशी असतील, तर त्या दिवशी चालणे सकाळच्या न्याहारीनंतर न्या. मे महिन्यात अकोला जिल्ह्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. तेव्हा चालणे अगदी सकाळी किंवा ऊन उतरून जमीन निवल्यावरच ठेवा.

काही दिवशी नियम बाजूला ठेवावाच लागतो. ताप, उलट्या-जुलाब, पायाला जखम, छातीत दाब किंवा चालताना नेहमीपेक्षा जास्त दम, यांपैकी काहीही असेल तर दुसरा काय, तिसरा खाडाही पडू द्या आणि डॉक्टरांना दाखवा. छातीतला दाब असेल तर लगेच. बरे झाल्यावर पहिला दिवस दहा मिनिटांचा. चालताना हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. गोळीवर किंवा इन्शुलिनवर असणाऱ्यांनी चालायला निघताना साखरेची पुडी खिशात ठेवावी.

आणि हा नियम औषधाला लावू नका. "एक गोळी चुकली तर चालते" असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. गोळीचा एकही खाडा नको. तरीही चुकलीच, तर पुढची गोळी तिच्या वेळेला, नेहमीच्याच मात्रेत घ्या. राहिलेली भरून काढायला दोन गोळ्या एकदम घेऊ नका. इन्शुलिन चुकले असेल तर मनाने काही न करता डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या तिमाही तपासणीला एचबीए१सीच्या रिपोर्टबरोबर ते कॅलेंडरही घेऊन या. किती दिवस सलग चाललात हे मी मोजणार नाही. दोन रिकाम्या चौकटी शेजारी-शेजारी कुठे आहेत तेवढे आपण दोघे मिळून पाहू आणि त्या दिवशी काय आडवे आले त्यावर तोडगा काढू.