ब्लॉगर, वर्डप्रेस की वार्तापत्र? आंबोलीहून लिहिताना

१. आधी स्वतःचं डोमेन घ्या, मग बाकीचं. आंबोलीच्या जंगलावर, पावसावर लिहायला मला फक्त लेख छापणारी जागा हवी होती. ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं, खर्च फक्त डोमेनच्या वार्षिक फीचा. ती भरायची राहिली तरी लेख गुगलकडे सुरक्षित असतात. सेटिंग्जमधून डोमेन काढलं की ते जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर पुन्हा उघडतात. स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसचं भाडं थकलं, तर काही काळाने लेखही जातात.

२. मराठी शीर्षकाचा पत्ता तपासल्याशिवाय ‘प्रकाशित करा’ दाबू नका. याबद्दल कोणी सांगत नाही, आणि लेखाचं सगळं आयुष्य त्या पत्त्यावर जातं. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशावर लेख लिहिलात आणि शीर्षक ‘हिरण्यकेशीचा मासा’ दिलंत असं धरू. ब्लॉगर पत्त्यातून देवनागरी गाळून टाकतो आणि उरतं ते `blog-post.html`. पुढच्या लेखांना त्यालाच आकडे चिकटतात, मग कुठला लेख कुठला ते आपल्यालाही कळत नाही. वर्डप्रेस देवनागरी ठेवतो खरा, पण ती लिंक कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली की बहुतेक वेळा एकेका अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे या दोन शब्दांची लिंक जवळपास दीडशे चिन्हांची, `%e0%a4%b9` अशी लांबच लांब ओळ. गावच्या ग्रुपवर ती पाहून कोण उघडणार?

उपाय दोन्हीकडे एकच: पत्ता हाताने `hiranyakeshi-masa` असा द्यायचा. ब्लॉगरमध्ये पोस्टच्या सेटिंग्जमध्ये ‘परमालिंक’ असतं. ते प्रकाशनाआधीच बदला. नंतर बदलायचं तर लेख मसुद्यात परत न्यावा लागतो आणि आधी वाटलेल्या लिंका तुटतात.

३. वर्डप्रेस चांगलंच आहे, पण त्याची निगा राखावी लागते. प्लगिन, अपडेट, बॅकअप. जुलैत घाटात वीज आणि रेंज दोन्ही लपंडाव खेळत असताना हे कोण करणार? दुकान किंवा सदस्यत्व चालवायचं नसेल तर नको. वर्डप्रेस डॉट कॉमवर ही निगा ते राखतात, पण स्वतःचं डोमेन हवं तर पैसे भरून योजना घ्यावी लागते.

४. वाचक पुन्हा यावा यासाठी मेल हवी. ब्लॉगरची मेलने लेख पाठवण्याची सोय फीडबर्नरबरोबर २०२१ मध्ये गेली. सबस्टॅकवर ती फुकट आहे, आणि वाचकांची यादी फाईल म्हणून उतरवून घेता येते. सशुल्क वर्गणी ठेवली तर ते दहा टक्के घेतात.

नुसते लेखच छापायचे असतील तर माझा कौल असा: स्वतःच्या डोमेनवर ब्लॉगर, आणि महिन्यातून एकदा सबस्टॅकवरून लिंका पाठवणारी मेल. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून सगळ्या लेखांची बॅकअप फाईल अधूनमधून उतरवून ठेवा, निदान पाऊस सुरू होण्याआधी तरी.