एकवीस दिवसांची सुई

पोरी, आता या भागातली ऱ्हुमॅटिक तापाची लेकरं तुझ्या यादीत आली आहेत. पेनिसिलीनच्या सुईबद्दल आधी एवढं ध्यानात ठेव की ही सुई फार दुखते, आणि दुखते म्हणूनच चुकते. आई विसरली, बस मिळाली नाही, कापसाची वेचणी होती, अशी कारणं आपल्याला सांगितली जातात. ती खोटी नसतात, पण त्यांच्या मागे बहुतेक वेळा घाबरलेलं लेकरू असतं. आदल्या रात्रीपासून ते रडायला लागतं आणि आईचा जीव होत नाही. म्हणून दुखणं कमी करणं हा औषधाचाच भाग समज. मी नोकरीत होते तेव्हाही हेच मानत होते आणि आता घरी बसूनही तेच सांगते.

ही सुई झडप दुरुस्त करत नाही, हे आईला पहिल्याच दिवशी सांग. घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस जंतू पुन्हा शरीरात रुजू नये म्हणून ती द्यायची. पहिल्या तापाने हृदयाची झडप थोडी खराब झाली असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या तापाने ती आणखी खराब होते. लेकरू आज पळतंय, खेळतंय, मग सुई कशाला, असं आजी विचारणारच. तिला सांग, ते असंच पळत राहावं म्हणून.

बेन्झाथीन पेनिसिलीन पाण्यात नीट विरघळत नाही आणि हाच त्याचा गुण आहे. स्नायूत ते साठून राहतं आणि आपल्या धरणातून पाणी सोडावं तसं थोडंथोडं रक्तात उतरतं. पण साठा कायमचा नसतो. तिसरा आठवडा सरता सरता रक्तातलं प्रमाण इतकं खाली येतं की जंतूला वाट मोकळी होते. म्हणून महिन्याची सुई आपल्या लेकरांना पुरत नाही. तैवानमध्ये काही रुग्णांना तीन आठवड्यांनी आणि काहींना चार आठवड्यांनी सुई देऊन त्यांच्यावर 12 वर्षं लक्ष ठेवलं होतं. तीन आठवडेवाल्यांना ताप कमी वेळा उलटला. तो अभ्यास 1994 साली छापून आला. काही देशांत 28 दिवसांचं अंतर चालतं, पण आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शनात वजनाप्रमाणे अंतरही दिलेलं आहे. 27 किलोच्या खालच्या लेकराला 6 लाख युनिट दर 15 दिवसांनी, आणि त्याच्या वरच्याला 12 लाख युनिट दर 21 दिवसांनी. डॉक्टरांनी कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर त्यांना विचार, स्वतःच्या मनाने बदलू नकोस.

वजन दर खेपेला काट्यावर घ्यायचं. मागच्या कार्डावरून उतरवायचं नाही आणि आईला विचारूनही लिहायचं नाही. समज, नऊ वर्षांची एक मुलगी जूनमध्ये 25 किलोची आहे. तिला 6 लाख आणि पंधरा दिवस. दिवाळीपर्यंत ती 27 च्या वर गेली, तर मात्रा आणि अंतर दोन्ही बदलतात. कुणी काटाच लावला नाही, तर ती पोर वर्षभर अर्ध्या सुईवर राहते आणि कुणाला कळतही नाही. असं झालं, की कार्डावर एकही तारीख चुकलेली दिसत नाही आणि तरी ताप उलटतो.

आता तारखा. 21 दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून वार तोच येतो. सोमवार, 1 जून 2026 ला सुई दिली तर पुढची 22 जूनला, मग 13 जुलैला, मग 3 ऑगस्टला, सगळे सोमवारच. आईला तारीख सांगण्यापेक्षा वार सांग, आणि शक्य असेल तर बाजाराचा वार धर, कारण त्या दिवशी घरातलं कुणीतरी गावात येतंच. ‘महिन्याने या’ म्हटलंस तर ती 1 जुलैला येईल, म्हणजे नऊ दिवस उशिरा. वर्षाचा हिशेब केला तर सतराच्या जागी बाराच सुया होतात. पंधरा दिवसांवाल्या लहानांना मात्र वार एकेक दिवसाने पुढे सरकतो, म्हणून त्यांची तारीख कॅलेंडरवर खूण करून दे. एक-दोन दिवस आधी दिली तर चालते, उशीर चालत नाही. चुकलीच तर जे लेकरू आज आलंय त्याला आजच दे आणि आजपासून पुढे मोज. ‘आता पुढच्या तारखेलाच या’ म्हणून परत पाठवू नकोस. साधी सर्दी असली तरीही दे. पण घसा दुखतोय, ताप आहे, सांधे सुजलेत किंवा चालताना दम लागतोय, असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखव. तो ताप उलटल्याचा इशारा असू शकतो.

आता दुखण्याचं. भुकटीत पाणी घालताना बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाल. कमी घातलंस तर औषध घट्ट होतं आणि सुई तुंबते. 12 लाखांच्या बाटलीतून 6 लाख द्यायचे असतील तर लक्ष दे. अर्धं म्हणजे घातलेल्या पाण्याचं अर्धं नव्हे. भुकटीनेही जागा घेतलेली असते, म्हणून तयार झालेलं सगळं औषध सिरिंजमध्ये ओढून बघ, किती मिली झालं ते मोज, आणि त्याचं अर्धं दे. सहा लाखांची वेगळी बाटली मिळत असेल तर तीच मागव, गोंधळच नको.

सुई 21 नंबरची घे. बारीक सुई कमी दुखेल असं सगळ्यांना वाटतं, पण या औषधाला ते लागू नाही. बारीक सुई मधेच तुंबते, मग जोर लावावा लागतो किंवा पुन्हा टोचावं लागतं. औषध भरलं की सिरिंज ट्रेमध्ये ठेवून कागद लिहीत बसू नकोस, भुकटी खाली बसते. बाटली जरा वेळ मुठीत धरून हाताइतकी कोमट कर, हलव, भर आणि लगेच दे.

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर पाण्याचा थोडा भाग काढून त्या जागी 1 टक्क्याचं लिग्नोकेन अर्धा ते एक मिली मिसळता येतं. याने दुखणं खरंच कमी होतं, आणि रक्तातलं पेनिसिलीन कमी होत नाही हे मोजून पाहिलेलं आहे. फक्त ते अ‍ॅड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन असावं, बाटलीवरचं नाव दोनदा वाच, आणि आधी दातासाठी वा टाक्यांसाठी बधिर करताना लेकराला काही त्रास झाला होता का, ते विचार.

स्पिरिटने पुसलं की ते वाळू दे, ओल्यावर टोचलं तर आग होते. मग त्याच जागी अंगठा रोवून दहापर्यंत मोज आणि लगेच टोच. त्या दाबाने टोचणी बोथट लागते. कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात, म्हणजे जिथे नस नाही तिथेच. मला कमरेच्या बाजूची जागा जास्त सुरक्षित वाटते. लेकरू कुशीवर झोपलं की मांडीच्या वरच्या हाडाच्या उंचवट्यावर तळहात ठेव, पहिलं बोट पुढच्या कमरेच्या हाडाच्या टोकावर ठेव, मधलं बोट मागे पसर. दोन बोटांमध्ये जो त्रिकोण होतो त्याच्या मधोमध टोच. डाव्या बाजूला उजवा हात आणि उजव्या बाजूला डावा, हे विसरू नकोस. दट्ट्या मागे ओढून बघ. रक्त आलं तर तिथे औषध सोडू नकोस, सगळं फेकून नवीन बाटली घे. हे औषध शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो. रक्त नाही आलं तर सावकाश ढकल, दोन-तीन मिनिटं लागू देत. बाहेर रांग असली तरी घाई करू नकोस. घाईने दिलेली सुई लेकराच्या लक्षात राहते. पुढच्या वेळी दुसरी बाजू घे आणि कार्डावर ‘डावी’ किंवा ‘उजवी’ लिही. नंतर जोरात चोळायचं नाही, लेकराला थोडं चालू दे. दुखलंच तर घरी पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे द्यायला सांग.

‘रडशील तर सिस्टर सुई देईल’ असं आई म्हणाली तर तिला तिथेच थांबव. लेकराला खोटंही सांगू नकोस. दुखेल, पण हळूहळू देणार आहे, तू मामाच्या गावाचं सांग, असं म्हण आणि खरंच त्याचं ऐक.

उपाशी लेकराला सुई देऊ नकोस. पाणी पाज, झोपवून दे, आणि अर्धा तास समोर बसव. काही लेकरं पांढरी पडतात, नाडी मंद होते, आणि झोपवून पाय वर केले की सावरतात. ती भोवळ असते. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली आणि नाडी पळायला लागली, तर ती अ‍ॅलर्जी. त्या वेळी वाट पाहायची नाही. 1:1000 चं अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दे, दर 10 किलोला 0.1 मिली. आपल्या 25 किलोच्या मुलीला 0.25 मिली. अ‍ॅम्प्युल आणि 1 मिलीची सिरिंज ट्रेमध्ये असल्याशिवाय पेनिसिलीनची बाटली फोडू नकोस. आणि ज्याची झडप फार खराब आहे, पाय सुजलेत, पडल्यावर दम लागतो, त्याला आपल्या खोलीत सुई देऊ नकोस. अशांना सुईच्या धसक्यानेही हृदय दगा देऊ शकतं. त्याला परभणीला पाठव, तिथे डॉक्टर गोळ्यांचा विचार करतील.

किती वर्षं, हे आई विचारेलच. हृदयाला धक्का नसेल तर शेवटच्या तापापासून 5 वर्षं किंवा वयाच्या 18 पर्यंत, यातलं जे लांब असेल ते. झडपेला मार बसला असेल तर 10 वर्षं किंवा 25 पर्यंत. जास्त खराब असेल तर त्याहूनही पुढे, ते डॉक्टर ठरवतील. एवढी वर्षं ऐकून ती हबकेल. तिला पुढची एकच तारीख दे.

आपल्या जिंतूर भागातली कित्येक घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एवढ्या महिन्यांत सात-आठ सुया येतात. अनोळखी दवाखाने पेनिसिलीन म्हटलं की कचरतात, कार्डावर नुसतं नाव असेल तर देत नाहीत. म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांच्या सहीचं पत्र करून दे. त्यात वजन, मात्रा, अंतर, शेवटच्या सुईची तारीख आणि ‘आधी अनेक वेळा घेतलंय, त्रास झालेला नाही’ हे वाक्य असू दे. मुकादमाचा फोन नंबरही लिहून घे, कारखाना कुठला ते त्यालाच माहीत असतं. यंदा दसऱ्याच्या आधी तुझ्या यादीतल्या प्रत्येक ऊसतोड घरी एकदा जाऊन ये.