आईला एवढे केस कुठून आले?

दहाव्याच्या काही दिवस आधी एक बाई स्टुडिओत आल्या. आईचा फोटो मोठा करून फ्रेम हवी होती. चेहरा छान आलेला असा एकच फोटो सापडला, तोही न्हाऊन गच्चीवर केस वाळवताना मोबाइलवर काढलेला. "आई कधी मोकळ्या केसांनी बाहेर पडली नाही हो. अंबाडा करून द्याल?" मी म्हटलं, तासाभराचं काम.

दुसऱ्या एका फोटोतला अंबाडा कापला, तिरप्या चेहऱ्यामागे बसवला, कडा मऊ केल्या. खांद्यावरच्या बटा पुसल्या. कानावरून खाली येणारे केस तसेच ठेवले, कारण ते छान दिसत होते. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "आईला एवढे केस कुठून आले?"

चूक त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. अंबाड्यात जाणारे केस डोक्यावरचेच असतात. मी जुने मोकळे ठेवून वर नवे चिकटवले होते. कानावरची बट सरळ खाली जात होती आणि अंबाडा मागे, तिच्याशी संबंध नसल्यासारखा लटकत होता. शिवाय तो काळाभोर, आणि आजींच्या कानशिलाला पांढरी झाक.

तेव्हापासून मी अंबाड्याला हात शेवटी लावतो. आधी नवीन लेयरवर लाल रेघांनी केसांची वाट आखतो. भांगापासून निघून कवटीच्या गोलाईवरून, कानाच्या वरच्या टोकाशी वळून गाठीकडे जाणारी. कपाळावरची रेघ जवळजवळ आडवी मागे जाते, कानामागची वर चढते, मानेवरची तर खालून वर. मोकळ्या केसांत या तिन्ही खालीच पडतात. म्हणजे नुसतं पुसून भागत नाही, दिशाच बदलावी लागते. ओढून बांधलेल्या केसांचा फुगाही उतरतो. डोक्याची बाहेरची कड थोडी आत घेतली नाही तर टोप घातल्यासारखं दिसतं.

भरायला केस त्याच फोटोतले घ्यायचे. आजींच्या खांद्यावरच्या सरळ बटांचे लांबट तुकडे उचलले, `Puppet Warp` ने लाल रेघेवर वाकवले आणि मागून पुढे असे एकावर एक रचले. रंग, पांढरी झाक, फोटोचा दाणा, सगळं आपोआप जुळलं. पण तुकड्याची कड मास्कने विरवताना ब्रश केसांच्या दिशेने ओढायचा. आडवा फिरवला की तिथे धुरकट डाग पडतो आणि शंभर टक्के झूमवर लगेच सापडतो. सांधे झाकायला वरून दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने सुटे केस काढले. टोकाला निमुळते, आणि फोटोतूनच उचललेल्या तीन-चार छटांचे. एकाच काळ्या रंगाने काढले तर शाईच्या रेघा वाटतात. कपाळापाशी चार-सहा केस मुद्दाम चुकार सोडले.

चकाकीकडे मी पहिल्यांदा लक्षच दिलं नव्हतं. ओढलेल्या केसांवर उजेडाचा पट्टा केसांना आडवा पडतो, कवटीच्या वळणावरून. वाकवलेल्या तुकड्यांबरोबर जुनी चकाकी भलतीकडे गेलेली असते. ती मंद करून पट्टा `Soft Light` लेयरवर पुन्हा हलक्या हाताने काढावा लागतो. वेणी असेल तर प्रत्येक पेडाला स्वतःचा फुगीर उजळ भाग आणि दोन पेडांच्या बेचक्यात गडद सावली लागते. पेडातले केस तिरपे जातात आणि पेड शेवटाकडे बारीक होत जातात. शेपटी त्या मानाने सोपी, पण रबरापाशी केस आवळलेले आणि पुढे लगेच फुललेले दिसले पाहिजेत. उधारीची वेणी डावी-उजवी उलटवून वापरू नका. तिच्यावरचा उजेडही उलटतो.

खरी अडचण कानाने केली. केस मागे घेतल्यावर कान उघडा पडला, आणि मूळ फोटोत तो नव्हताच. मान आणि ब्लाउजची कड शेजारच्या भागावरून भरता आली, कान नाही. शेवटी बाईंनी एका बारशातला फोटो आणून दिला, त्यातला कुडीसकट कान बसवला. त्याच्यावर अंबाड्याची हलकी सावली `Multiply` लेयरवर टाकली. तासाभराच्या कामाला दोन रात्री गेल्या. तयार झाल्यावर फोटो आडवा उलटवून आणि लहान करून पाहिला, मग चार बाय सहाची प्रिंट काढली. स्क्रीनवर न दिसलेला एक सांधा प्रिंटवर दिसला.

असं काम घेताना पैशांचं बोलण्याआधी त्याच माणसाचा, त्याच बाजूचा, कान दिसणारा दुसरा फोटो मागून घ्या. नसलाच तर केस अर्ध्या कानावरून मागे न्या. जुन्या वळणाच्या अंबाड्यात ते खपून जातं.