रात्रीच्या शूटिंगआधीचा कागद

चि. ओंकार,

तुझी पटकथा वाचली आणि सोबतचा धोक्यांचा कागदही. पटकथेबद्दल भेटल्यावर बोलू. आज फक्त त्या एका दृश्याबद्दल लिहितो: तुझा नायक ज्वारीच्या रानातून पळतोय, मागे मोटरसायकल लागली आहे आणि बांधाजवळ तो पडतो. कागदावर त्यासमोर तू लिहिलं आहेस, ‘गाडी लागू शकते. सर्वांनी काळजी घ्यावी.’ असं लिहिल्याने धोका तिळभरही कमी होत नाही.

प्रत्येक धोक्याला दोन आकडे दे. एक, तो घडण्याची शक्यता किती. दुसरा, घडलाच तर इजा किती मोठी. दोन्हींना १ ते ५ गुण आणि मग गुणाकार. रात्री, मोकळ्या मातीवर, हौशी चालक आणि पुढे पळणारा माणूस: शक्यता ३, इजा ५, म्हणजे १५. काळजी घेतलीस तर फार तर शक्यतेचा आकडा उतरेल. इजेचा पाच तसाच राहतो, कारण गाडी तीच आणि माणूसही तोच. तो आकडा उतरवायचा तर शॉटच बदलावा लागतो.

हिशेब करून बघ. ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापते. पुढचा माणूस पडला हे दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि मातीवर चाक घसरतं ते वेगळंच. तुला पडद्यावर पाच मीटरचं अंतर हवं आहे. म्हणजे तो पडला तर गाडी त्याच्या अंगावरूनच जाणार, चालक कितीही चांगला असो.

म्हणून या शॉटमधून गाडी काढूनच टाक. पळणाऱ्याच्या मागे, बऱ्याच अंतरावर, एक मुलगा काठीला बांधलेला एलईडी दिवा घेऊन साध्या चालीने येऊ दे. लांब पल्ल्याच्या लेन्सने समोरून घेतलंस तर दोघांमधलं अंतर आक्रसून दिसेल आणि अंधारात तो दिवा हेडलाइटच वाटेल. गाडीचा आवाज नंतर घाल. चालकाचे शॉट वेगळे घे, पुढे चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावर, त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून. हेल्मेटने पात्र ओळखू येत नाही ही तुझी तक्रार मला ठाऊक आहे. पात्र ओळखू यायचं असेल तर गाडी उभी ठेवून जवळचा शॉट घे.

पडण्याचा शॉटही तोड. पहिल्यात तो तोल जाऊन चौकटीबाहेर जातो, तिथे खाली जाड गादी. दुसऱ्यात तो मातीत आधीच पडलेला. मधलं पडणं प्रेक्षक स्वतःच जोडून घेतो.

आता तुझ्या कागदावर नसलेला धोका, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. कापणी झालेल्या रानात ज्वारीची धसकटं उभी असतात. दिव्याच्या झोतातून अंधारात धावत गेलेल्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून दिवसा जा आणि पळण्याचा पट्टा हाताने चाचपून धसकटं, दगड काढ. दोन्ही कडांना फक्की टाक. तालीम उजेडात आधी चालत, मग पळत घे. आणि मोठा दूरचा शॉट सूर्य मावळल्यावरच्या निळसर उजेडात उरक. कॅमेऱ्यात तो रात्रीसारखा दिसतो आणि माणसांना पायाखालचं दिसतं. त्या रानात बिनकठड्याची विहीर आहे असं तू म्हणालास. तिच्याकडे तोंड करून कुणी पळणार नाही अशी दिशा ठरव, तिच्याभोवती दोर बांध आणि रात्रभर दिवा ठेव.

२०१६च्या नोव्हेंबरात बंगळूरजवळ ‘मास्तीगुडी’ या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उड्या घेतलेले दोन कलाकार बुडाले. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणून शॉट बिघडला तर पुढच्या दोन मिनिटांत कोण काय करणार, हे कॅमेरा सुरू होण्याआधीच ठरलेलं हवं. तुमच्या रानाला पत्ता नाही, तेव्हा १०८ला फोन करणारा कोण आणि रुग्णवाहिकेला फाट्यावरून आणणारा कोण, ही नावं कागदावर लिही. रात्री कुठल्या रुग्णालयात डॉक्टर असतो आणि सर्पदंशावरचं प्रतिविष मिळतं, ते आधी फोन करून विचार. थांबवण्याची खूण म्हणून शिट्टी ठेव. ‘थांब, थांब’ हे तुझ्या संवादातच आहे, ते कुणी खरं मानणार नाही. शिट्टी कुणीही वाजवावी, चहा देणाऱ्या मुलानेही, आणि वाजली की कुणी वाद घालायचा नाही.

पहाटे शूटिंग संपलं की लगेच मोटरसायकलींवर निघू नका. रात्रभर जागलेल्या चालकाचा डोळा रस्त्यावर लागतो. शाळेत किंवा देवळात झोपायची सोय आधीच करून ठेव.

नवा कागद शूटिंगच्या आधी मला पाठव. त्यात गाडी आणि पळणारा माणूस एकाच शॉटमध्ये दिसले, तर मी तुला माझे दिवे देणार नाही.

तुझा,
मामा