पिंपांचा तराफा किती ओझे पेलेल?

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात खुनी नदीवर सायखेडा धरण आहे. अशा जलाशयांचे पाणी उन्हाळ्यात काठापासून मागे मागे सरकत जाते. काठावर बसवलेला पंप मग कोरडा पडतो. त्यावर एक साधा उपाय म्हणजे पंप तराफ्यावर ठेवणे. पत्र्याची चार रिकामी पिंपे आडवी ठेवायची, त्यांवर लाकडी चौकट बांधायची आणि चौकटीवर पंप बसवायचा. पाणी सरकेल तसा पंपही सरकतो.

आता एक प्रश्न घेऊ. असा तराफा पाण्यावर तरंगत असताना कोणीतरी त्याचे छायाचित्र काढले आहे. त्यात पिंपाचे गोल तोंड समोरून दिसते. खालचा थोडा भाग पाण्यात आहे. या छायाचित्रावरून तराफ्याचे वजन किती आणि त्यावर आणखी किती ओझे ठेवता येईल, हे सांगता येईल काय? अंदाज चुकला तर पंप तळाशी जाईल, म्हणून उत्तर विचारपूर्वक काढले पाहिजे.

आर्किमिडीजचा नियम तुम्हांला ठाऊकच आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वस्तुमान १ किलोग्रॅम असते. म्हणजे पिंपांचा जितका लिटर भाग पाण्यात बुडाला, तितके किलोग्रॅम वजन तराफ्याचे आहे. तेव्हा पहिले काम बुडालेला भाग मोजण्याचे.

छायाचित्रात पिंप किती मीटर दूर आहे हे आपल्याला माहीत नाही. पण त्याची गरजही नाही. आपल्याला फक्त गुणोत्तर हवे आहे आणि चित्र लहान असो वा मोठे, गुणोत्तर तेच राहते. समजा, पट्टी लावून पाहिले तेव्हा पाण्याच्या रेषेपासून पिंपाच्या माथ्यापर्यंतची उंची ५६ मि.मी. भरली, आणि पाण्याच्या रेषेवर पिंपाची रुंदी ७३ मि.मी. भरली. ही रुंदी म्हणजे वर्तुळाची जीवा. जीवेच्या निम्म्याचा वर्ग केला आणि त्याला वरच्या उंचीने भागले की जीवेखालची खोली मिळते, हे भूमितीत तुम्ही शिकला आहात. ३६.५ चा वर्ग सुमारे १३३२. त्याला ५६ ने भागले की २३.८, म्हणजे जवळजवळ २४ मि.मी. वर ५६ आणि खाली २४, म्हणून व्यास ८० मि.मी. पिंपाची सर्वांत रुंद जागा या चित्रात पाण्याच्या वर दिसते. तीही ८० मि.मी. भरली, तर आपले माप बरोबर आहे.

पाण्यातून अंधुक दिसणारा बुडीत भाग मात्र थेट मोजू नका. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे तो खरा असतो त्यापेक्षा उथळ दिसतो. पाणी शांत असेल तर पिंप आणि त्याचे प्रतिबिंब जिथे एकमेकांना भिडतात, तीच पाण्याची रेषा समजावी.

व्यास ८०, त्यातले २४ पाण्यात. म्हणजे व्यासाचा ०.३० भाग बुडाला. इथे पुष्कळ विद्यार्थी घाई करतात आणि पिंपाचा ३० टक्के भाग पाण्यात आहे असे लिहून मोकळे होतात. पेटी असती तर ते बरोबर ठरले असते. आडवे पिंप मात्र तळाशी निमुळते आणि मध्ये रुंद असते, म्हणून तळाकडच्या खोलीत आकारमान कमी मावते. आलेख कागदावर ८ सें.मी. व्यासाचे वर्तुळ काढा आणि तळापासून २.४ सें.मी. उंचीवर आडवी रेषा मारा. रेषेखालचे चौकोन मोजा. ते सुमारे १२.७ चौ. सें.मी. भरतील. सबंध वर्तुळ सुमारे ५०.३ चौ. सें.मी. आहे. म्हणजे बुडालेला भाग ०.२५, फक्त चतुर्थांश! याच रीतीने काढले तर व्यासाचा ०.२० भाग बुडाला असता क्षेत्रफळ ०.१४ येते, ०.४० ला ०.३७, आणि बरोबर निम्म्याला मात्र ०.५०.

आता पिंपाचे आकारमान. त्याच्याभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजला तर तो १८० सें.मी. आला असे समजा. त्यावरून तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २५८० चौ. सें.मी. येते. कडा सोडून लांबी ८४ सें.मी. धरली, तर आकारमान सुमारे २१६ लिटर. बाजारात यालाच २०० लिटरचे पिंप म्हणतात. त्याचा चतुर्थांश ५४ लिटर. चार पिंपांचे मिळून २१६ लिटर पाणी बाजूला सारले गेले. तेव्हा पिंपे, चौकट आणि पंप यांचे एकूण वजन २१६ किलोग्रॅम.

चारही पिंपे पूर्ण बुडाली तर ८६४ लिटर पाणी सारतील. म्हणून आणखी ८६४ वजा २१६, म्हणजे ६४८ किलोग्रॅम ओझे पेलेल, असे गणित सांगते. परंतु ही बुडण्याची सीमा झाली. तिथे एक लहानशी लाटही पुरे. शिवाय ओझे नेहमी मध्यभागी नसते. समजा आपण पिंपे निम्मी बुडेपर्यंतच ओझे ठेवायचे ठरवले. तेव्हा एकूण ४३२, म्हणजे आणखी २१६ किलोग्रॅम ठेवता येतील. हे सगळे ओझे चुकून एकाच बाजूच्या दोन पिंपांवर आले, तर त्या दोघांवर १०८ अधिक २१६, म्हणजे ३२४ किलोग्रॅम भार येईल. त्यांची शक्ती ४३२ ची आहे. तीन चतुर्थांश भाग बुडेल, तराफा एका बाजूला झुकेल, पण ती पिंपे पाण्याखाली जाणार नाहीत. म्हणून निम्म्याची मर्यादा शहाणपणाची. जड वस्तू उंचावर ठेवली तर मात्र कलंडण्याचा धोका वाढतो. तिला चौकटीवर जितके खाली ठेवता येईल तितके ठेवावे.

एक ओझे सहसा ध्यानात येत नाही. पंप सुरू झाला की नळात पाणी भरते. ७५ मि.मी. व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे ४.४ लिटर पाणी असते. पाण्याबाहेर असलेल्या अशा १० मीटर नळाचा भार तराफ्यावर असेल, तर ४४ किलोग्रॅमची भर पडली. पाण्यात बुडालेल्या नळातील पाण्याचे मात्र ओझे होत नाही, कारण तेवढेच पाणी त्याने बाजूलाही सारलेले असते.

छायाचित्र कसे काढले यावर बरेच अवलंबून आहे. कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणि पिंपाच्या तोंडासमोर हवा. उंचावरून काढले तर वर्तुळ चपटे दिसते. कंपासने चित्रावर वर्तुळ काढून पाहा. ते कडेशी जुळले नाही तर ते चित्र टाकून द्या. खोली मोजताना १ मि.मी. ची चूक झाली, तर आपल्या उदाहरणात वजनात सुमारे साडेबारा किलोग्रॅमचा फरक पडतो. दोन आठवड्यांनी तेच ओझे असताना एक कोपरा अधिक बुडालेला दिसला, तर त्या पिंपात पाणी शिरते आहे असे समजावे.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. त्याच तराफ्याच्या दुसऱ्या छायाचित्रात पाण्यावरची उंची ४८ मि.मी. आणि जीवा ७८ मि.मी. आहे. किती ओझे वाढले? आधी स्वतः सोडवा, मग ताडून पाहा.

(उत्तर : खोली सुमारे ३२ मि.मी., बुडालेला भाग ०.३७४, एकूण वजन सुमारे ३२३ किलोग्रॅम. वाढलेले ओझे सुमारे १०७ किलोग्रॅम.)