दोन प्रती समोर आल्या, तर तिसरी शोधा

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या सोसायटीच्या फलकावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लागली. त्या यादीतल्या १४ जणांनी पैसे वेळेवर भरलेले होते. सोसायटीचा खजिनदार मी आणि यादीही मीच काढलेली. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाई पासबुक घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तुम्हीच बघा, २० तारखेला गेलेत की नाही पैसे. चाळीस वर्षांत कुणाचं देणं ठेवलं नाही हो मी." पासबुकात नोंद होती. माझ्या फाइलमध्ये नव्हती. पण ती नोंद मी स्वतः, माझ्या हातानं केली होती, हे मला पक्कं आठवत होतं.

त्या रात्री जे उलगडलं, ते अशी सामायिक फाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं म्हणून सविस्तर सांगतो.

आमचा जमेचा हिशोब एका एक्सेल फाइलमध्ये असतो. ती क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये ठेवलेली, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर एक प्रत, सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक, आणि दोन्ही आपोआप सारख्या राहतात. बँकेत आलेले पैसे मी चढवतो, ऑफिसात आलेले चेक आणि रोख रक्कम आमच्या सचिव ताई चढवतात. १७ सप्टेंबरच्या रात्री फाइलमध्ये २१२ ओळी होत्या आणि मी गणपतीसाठी राजापूरकडे गावी निघालो.

गावी इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटवर. असं मोजून वापरायचं कनेक्शन दिसलं की डेटा वाचावा म्हणून सिंक थांबवण्याची सोय क्लाउडच्या प्रोग्रॅममध्ये असते. बॅटरी सेव्हर चालू झाला, जागा भरली किंवा खात्यातून लॉगआउट झालं, तरीही सिंक थांबतं. खाली कोपऱ्यातल्या ढगाच्या चिन्हावर दोन उभ्या रेघा आल्या होत्या. मी तिकडे पाहिलंच नाही. फाइल उघडत होती, सेव्ह होत होती, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. चार दिवसांत बँकेच्या स्टेटमेंटवरून मी १७ ओळी चढवल्या. इकडे ताईंनी त्याच जुन्या २१२ ओळींच्या पुढे ११ ओळी चढवल्या.

इथे कुणालाही वाटेल की दुसऱ्यानं फाइल उघडली असताना एक्सेल इशारा देतं. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये देतंही. फाइल उघडली की एक्सेल तिच्या शेजारी `~$` नं सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार करतं आणि ती पाहून दुसऱ्याला कळतं, की कुणीतरी आत आहे. पण सिंक करणारे प्रोग्रॅम ही तात्पुरती फाइल सहसा पुढे पाठवत नाहीत. त्यामुळे आम्हा दोघांनाही आपण एकटेच लिहितोय असं वाटत राहिलं.

२४ तारखेला घरी आलो, वायफाय लागलं आणि सिंक आपोआप सुरू झालं. माझी फाइल वर जाताना सर्व्हरनं एवढंच तपासलं, की हे बदल कोणत्या आवृत्तीवर केलेत? ते १७ तारखेच्या आवृत्तीवर केलेले होते आणि सर्व्हरवर तोवर ताईंची नवी आवृत्ती आलेली होती. आतल्या ओळी वाचून जुळवणं सिंकच्या आवाक्यात नसतं. त्याच्या लेखी एक्सेलची फाइल म्हणजे एक बंद गाठोडं. म्हणून त्यानं ताईंची फाइल मूळ नावानं ठेवली आणि माझी वेगळं नाव देऊन शेजारी ठेवली.

या वेगळ्या प्रतीचं नाव सेवेप्रमाणे बदलतं. ड्रॉपबॉक्स नावात `conflicted copy` आणि तारीख घालतं, वनड्राइव्ह नावाच्या शेवटी कॉम्प्युटरचं नाव जोडतं, सिंकथिंग `sync-conflict` लिहितं. शब्द कुठलाही असो, अर्थ एकच आहे. ही बाजूला ठेवलेली प्रत आहे आणि तिच्यात मूळ फाइलमध्ये नसलेलं काम असू शकतं.

मी नेमका उलटा अर्थ लावला. साध्या नावाची ती खरी आणि लांबलचक नावाची ती कचरा, असं समजून ती डिलीट केली. माझ्या १७ ओळी तिच्याबरोबर गेल्या. त्यातल्या तीन ताईंनीही चढवलेल्या होत्या, कारण त्या सभासदांनी ऑफिसात येऊन यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला होता. उरलेल्या १४ घरांचे पैसे फाइलमधून नाहीसे झाले आणि नावं फलकावर गेली.

डिलीट केलेली फाइल परत मिळाली, कारण क्लाउडच्या वेबसाइटवरही कचरापेटी असते आणि वैयक्तिक खात्यात ती बहुधा ३० दिवस फाइल सांभाळते. मला अकरा दिवसच झाले होते. मात्र फाइल परत आल्यावर खरा प्रश्न पुढे आला. दोन फाइली आहेत, आता यातली कोणती ठेवायची?

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते इथेच. हा प्रश्नच चुकीचा आहे. एक निवडली की दुसरीतलं काम जातं. दोन्हीतल्या नव्या ओळी एकाखाली एक चिकटवल्या, तर तीन घरांचे पैसे दोनदा जमा होतात. नव्या तारखेची फाइल खरी मानावी, तर तारीख फक्त शेवटचं सेव्ह कधी झालं ते सांगते. आत काय आहे आणि काय नाही, ते सांगत नाही. यातून सुटायला तिसरी प्रत लागते, दोन्ही फाटे फुटण्याआधीची.

ती तिसरी प्रत क्लाउडच्या वेबसाइटवर मिळते. फाइलवर राइट-क्लिक करून `Version history` उघडलं, की जुन्या आवृत्त्या तारीखवार दिसतात. मी १७ सप्टेंबरच्या रात्रीची शोधली. तिथे `Restore` दाबू नका, नाहीतर जुनी आवृत्ती चालू फाइलच्या जागी येऊन बसेल आणि गुंता वाढेल. ती फक्त डाउनलोड करा.

मग कामाला बसताना आधी ताईंना फोन केला, "आज फाइल उघडू नका." तिन्ही प्रती सिंकच्या फोल्डरबाहेर डेस्कटॉपवर घेतल्या. एका नव्या वर्कबुकमध्ये तीन शीट केली आणि त्यांना `Base`, `Laptop`, `Office` अशी नावं दिली.

पहिलं काम जुन्या ओळींचं. पहिल्या २१२ ओळींत कुणी काही बदललंय का? रक्कम `E` कॉलममध्ये होती. `Office` शीटच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लिहून २१२व्या नोंदीपर्यंत ओढलं, आणि `Laptop`मध्येही तसंच केलं.

```
=E2=Base!E2
```

`Office`मध्ये एका ओळीत `FALSE` आलं. बी-३०४ची रक्कम ताईंच्या फाइलमध्ये ६,४०० होती, माझ्यात ३,२००. फक्त या दोन फाइली समोर असत्या, तर कुणी वाढवली की कुणी कमी केली, हे कळायला मार्ग नव्हता. `Base`मध्ये ३,२०० होते, म्हणजे बदल ताईंनी केला होता. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, त्यांनी दोन महिन्यांचे एकदम भरले होते, चेक बघून मी दुरुस्त केलं." ६,४०० ठेवले. तारीख आणि फ्लॅट नंबरचे कॉलमही असेच तपासले. मधल्या काळात कुणी फाइल सॉर्ट केली असेल, तर ओळी जागेवर नसतात आणि हे सूत्र खोटे फरक दाखवतं. तेव्हा आधी तिन्ही शीट एकाच क्रमानं लावून घ्यावी लागतात.

दुसरं काम नव्या ओळींचं. दोन्हीकडे सापडणारी नोंद ओळखायची कशी? पावती क्रमांक चालत नाही, कारण दोघांनीही २१३पासूनच पुढे मोजलं होतं. माझी २१३ एकाची, ताईंची दुसऱ्याची. ओळख पटते ती बँकेच्या व्यवहार क्रमांकावरून. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो आणि आमच्याकडे तो `F` कॉलममध्ये होता. `Laptop` शीटमध्ये, नव्या ओळींसमोर हे लिहिलं.

```
=COUNTIF(Office!$F:$F,F214)
```

पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून २१३वी नोंद २१४व्या ओळीत येते. ज्यांच्यासमोर 0 आला त्या १४ नोंदी ताईंकडे नव्हत्या, त्या घेतल्या. जिथे 1 आला त्या तीन दोन्हीकडे होत्या, त्या सोडल्या. ताईंनी दिलेल्या छापील पावत्या लोकांच्या हातात गेल्या होत्या, म्हणून त्यांचे २१३ ते २२३ हे क्रमांक तसेच ठेवले आणि माझ्या नोंदींना २२४ ते २३७ दिले.

शेवटी बेरजा. २१२ अधिक ११ अधिक १४ म्हणजे २३७ ओळी. एवढ्यावर थांबलो नाही. त्या काळातल्या बँकेच्या स्टेटमेंटमधली जमा, हातातले चेक आणि रोख पुस्तक यांच्याशी रक्कम पडताळली. ती जुळल्यावरच नवी फाइल मूळ नावानं क्लाउडमध्ये ठेवली. जुन्या तिन्ही प्रती तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि पुढच्या लेखापरीक्षणापर्यंत त्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी यादी काढून टाकली, १४ घरी स्वतः जाऊन माफी मागितली. बाईंनी पाणी दिलं, विषय वाढवला नाही. ते जास्त लागलं.

तुमच्यावर ही वेळ आली, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. सिंक थांबलेलं आहे आणि तुम्ही दरम्यान काम केलंय असं दिसलं, तर `Resume` दाबण्याआधी ती फाइल कॉपी करून फोल्डरबाहेर ठेवा. घाबरून लॉगआउट करू नका, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकू नका; वर न पोचलेलं काम त्यात हरवू शकतं. आणि संशय आला, तर चिन्हावर विसंबू नका. वेबसाइटवर जाऊन फाइलची शेवटची वेळ बघा. तिथे तुमचं आजचं काम दिसत नसेल, तर ते फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे.

आम्ही पद्धतही बदलली. फाइल सरळ ब्राउझरमध्ये उघडून दोघांनी एकत्र लिहिण्याची सोय गूगल शीट्स आणि एक्सेल दोन्हीत आहे, पण गावी इंटरनेट भरवशाचं नसतं. म्हणून आता दोन फाइली आहेत. बँकेच्या जमेची फाइल फक्त मी लिहितो, ऑफिसच्या जमेची फक्त ताई. महिनाअखेरीला दोघं शेजारी बसून एकत्र करतो, व्यवहार क्रमांक जुळवतो आणि मगच थकबाकीची यादी काढतो. त्या यादीतलं प्रत्येक नाव फलकावर जाण्याआधी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा एकदा शोधलं जातं.